मण्यारदंशाच्या रात्री : सिस्टर, नातेवाईक आणि बाहेरून आलेले तज्ज्ञ

बोरघाटाच्या पायथ्याशी पसरलेल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आजारपणाची वाट दिवसा एक असते आणि रात्री दुसरी. उल्हास नदीच्या काठावरची दहिवली कर्जत शहराला लागून आहे आणि तिथे दिवसा दवाखाने, औषधांची दुकाने, रिक्षा आणि मुंबईकडे जाणारी लोकल हे सगळे हाताशी असते. मात्र आजूबाजूच्या डोंगरउतारांवरील ठाकर आणि कातकरी वाड्यांमधून मध्यरात्री निघालेल्या माणसाला यातले काहीच उपलब्ध नसते. त्याच्या वाटेवर दिवा लागलेला असतो तो सरकारी रुग्णालयाच्या दारात, आणि तिथे त्याच्याशी बोलणारी पहिली व्यक्ती बहुधा रात्रपाळीची परिचारिका, म्हणजेच सर्वांच्या तोंडची ‘सिस्टर’ असते. सगळ्याच वाड्यांपर्यंत गाडीरस्ता पोचलेला नाही. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतपथकांनाही डोंगर पायीच चढावा लागला होता. अशा ठिकाणच्या रुग्णाला आधी झोळीतून खाली उतरवायचे आणि मगच वाहन शोधायचे, हा क्रम ठरलेला असतो.

या लेखाचा विषय त्या सिस्टरच्या कामाचा एक असा भाग आहे, ज्याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही. घाबरलेले कुटुंब आणि बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ डॉक्टर यांच्यामध्ये उभे राहून दोन्ही बाजूंचे म्हणणे इकडून तिकडे पोचवणे, हा तो भाग. तो बारकाईने पाहण्यासाठी मण्यार या सापाच्या दंशाइतके योग्य उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. या दंशात रुग्णाचा जीव जितका औषधावर, तितकाच नेमक्या वेळी नेमके काय सांगितले आणि समजले गेले यावर अवलंबून असतो. पुढे येणारी गोष्ट कोणा एका रुग्णाची नाही. मण्यारदंशाच्या वैद्यकीय वर्णनांत वारंवार आढळणाऱ्या बाबी आणि या भागातील राहणीमान यांची सांगड घालून ती कथारूपाने रचली आहे.

झोपेत होणारा दंश

भारतात विषबाधेच्या दृष्टीने चार साप प्रमुख मानले जातात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सन २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला, आणि त्यातील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातले होते. या चौघांत मण्यार वेगळी ठरते ती तिच्या निशाचरपणामुळे आणि तिच्या दंशाच्या फसवेपणामुळे. ती रात्री भक्ष्याच्या शोधात घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणाजवळ येते आणि त्या माणसाने कूस बदलली की दबल्यामुळे चावते. दात बारीक असल्याने खूण जेमतेम दिसते किंवा दिसतही नाही, सूज येत नाही, वेदना मुंगी चावल्याइतकीच असते. त्यामुळे माणूस पुन्हा झोपी जातो आणि तासा-दोन तासांनी पोटात कळ येऊन उठतो.

ही पोटदुखी मण्यारदंशाची अत्यंत महत्त्वाची आणि सर्वाधिक दुर्लक्षित खूण आहे. पोटात कळा, उलटी, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे, अंग दुखणे एवढ्यावरून कोणालाही अपचनाचीच शंका येईल. त्यानंतर पापण्या जड होतात, एकाची दोन दिसू लागतात, गिळता येत नाही, बोलणे जिभेवर घोळते आणि मान सावरत नाही. नजर झापडलेली आणि बोलणे अडखळते पाहून अनेकदा दारूचा संशय घेतला जातो. शेवटी छातीचे व श्वासपटलाचे स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. या सर्व काळात रुग्णाची शुद्ध मात्र कायम असू शकते, आणि कथेचा सारा पेच या एका गोष्टीत आहे.

पोटदुखीपासून सुरू झालेले बोलणे

कथेतील स्त्री सुमारे तिशीची आहे. भातलावणी संपली आहे, पाऊस चालू आहे, कारवीच्या कुडाच्या घरात सगळे जमिनीवर झोपले आहेत. रात्री तिला पोटात कळ येते, दोनदा उलटी होते. सासू ओवा देते. पुढे डोळे उघडेनात, तेव्हा वाडीतल्या भगताला उठवले जाते. तो अंगावरून काहीतरी उतरवतो, एका मुळीचा रस पाजतो आणि ‘दवाखान्यात न्या’ असेही सांगतो. पहाटे तीनच्या सुमारास नवरा, सासू आणि दीर तिला घेऊन रुग्णालयात पोचतात तेव्हा त्यांच्या तोंडी एकच तक्रार असते : “पोटात दुखतंय, बाई, कायतरी खाण्यात आलं.”

इथे पहिले दुभाषेपण घडते, आणि ते डॉक्टर येण्याच्या आधीचे आहे. सिस्टर पोटदुखीचे ऐकून घेते, पण तिचे लक्ष पापण्यांवर असते. ती सरळ “साप चावला का?” असे विचारत नाही. कारण कोणी साप पाहिलेला नसतो आणि या प्रश्नाला ‘नाही’ हेच प्रामाणिक उत्तर असते. ती विचारते, “आजी, सून कुठं निजली होती? खाली का खाटेवर? पोटात आधी दुखलं का डोळं आधी मिटलं? संध्याकाळी जेवली तेव्हा धड होती ना?” मग ती आणखी एक प्रश्न टाकते : घरात कोणाला पान लागलंय असं वाटलं का. रात्रीच्या वेळी सापाचे नाव न घेण्याचा संकेत पाळणाऱ्या घरात हा प्रश्न वाट मोकळी करतो. दीर सांगतो की भगतालाही तीच शंका आली होती.

भगताकडे गेल्याचे मात्र कुटुंब आधी लपवते. डॉक्टर रागावतील, पोलिसांपर्यंत गोष्ट जाईल आणि पोरीकडे कोणी बघणार नाही, अशी भीती त्यामागे असते. सर्पदंशाच्या रुग्णाची नोंद बहुधा पोलिसांकडे कळवली जात असल्याने ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. तरी माहिती हवीच, कारण गिळण्याची शक्ती गेलेल्या माणसाला रस पाजला असेल तर तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून सिस्टर दोषाचा सूर न लावता विचारते : “तिला तोंडानं काय काय दिलं? पाणी, काढा, मुळी, सगळं सांगा. रागवायचं नाही कोणाला.” उत्तर मिळाल्यावर ती केसपेपरवर वेळेसह लिहिते. ‘कोंबडा आरवायच्या बऱ्याच आधी’ असे सासूने सांगितले, तर तेच शब्द लिहून पुढे अंदाजे तास टाकणे अधिक प्रामाणिक ठरते. घड्याळाचा नेमका आकडा लिहिला तर वाचणाऱ्या तज्ज्ञाला अनुमान हीच माहिती वाटते.

ड्युटीवरील वैद्यकीय अधिकारी सर्पविषप्रतिबंधक लस सुरू करतात. तिला लस म्हणतात, पण ती पूर्वरक्षणाची लस नाही. घोड्यांना सापांचे विष अल्प प्रमाणात टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढून ती बनते. मुंबईच्या परळ येथील हाफकिनचे नाव महाराष्ट्रात या औषधाशी पिढ्यान्पिढ्या जोडलेले आहे. पूड स्वरूपातील प्रत्येक कुपी दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवली जाते. अशा दहा कुप्या सलाइनमधून सुमारे तासाभरात दिल्या जातात, आणि लहान मूल असले तरी मात्रा तीच राहते, कारण सापाने सोडलेले विष माणसाच्या वजनानुसार कमी होत नाही. औषध घोड्याच्या रक्तातले असल्याने काहींच्या अंगावर पित्त उठते, रक्तदाब कोसळतो. त्यासाठी अॅड्रिनलिनचे इंजेक्शन आधीच भरून ठेवावे लागते. त्याच वेळी लक्षणे वाढत असल्याने भूलतज्ज्ञांना फोन जातो.

एका श्वासातले आकडे

तालुका पातळीवर भूलतज्ज्ञ चोवीस तास जागेवर असतोच असे नाही. अनेक ठिकाणी खासगी व्यवसाय करणाऱ्या तज्ज्ञाला मानधनावर बोलावले जाते. कथेतील भूलतज्ज्ञ पनवेलकडून आलेले आहेत. त्यांची मातृभाषा मराठी नाही, मराठी समजते पण वाडीची बोली समजत नाही. हातातला वेळही मोजका असतो. त्यांना एका गोष्टीचा अंदाज हवा असतो : श्वासाचे स्नायू किती उरले आहेत. त्यासाठी यंत्राविना करता येणारी एक साधी तपासणी आहे. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगून त्या एकाच श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावतात. निरोगी प्रौढ माणूस सहज तीस-चाळीसपर्यंत पोचतो, आकडा घसरू लागला तर श्वास घसरतो आहे असे समजावे आणि दर काही मिनिटांनी तपासणी पुन्हा करावी.

डॉक्टर हिंदीत सांगतात, सिस्टर बोलीत विचारते, आणि ती स्त्री वीसवर थांबते. तज्ज्ञाच्या दृष्टीने वीस हा आकडा चिंतेचा आहे. सिस्टरच्या ध्यानात वेगळीच गोष्ट येते : वीसनंतर बाईचा श्वास संपलेला नाही, आकडे संपले आहेत, कारण ती शाळेत गेलेली नाही. सिस्टर हे तज्ज्ञाला सांगते आणि मोजणी पुन्हा घेते. या वेळी ती स्त्रीला एक ते दहा, मग पुन्हा एक ते दहा असे म्हणायला लावते आणि दहाचे गट स्वतः बोटांवर धरते. आता मोजणी सव्वीसवर जाते. वीस मिनिटांनी ती अठरावर आणि त्यानंतर अकरावर येते. पहिल्या आकड्याचा दोष दुरुस्त झाल्यामुळेच या घसरणीला अर्थ येतो. नाहीतर वीस, अठरा, अकरा या ओळीत घसरण उशिरा सुरू झाल्यासारखी दिसली असती.

दुभाषाने शब्दाला शब्द पोचवावा, स्वतःचे काही घालू नये, ही शिस्त सर्वमान्य आहे आणि ती योग्यही आहे. मात्र या प्रसंगात सिस्टरने जे केले ते शब्दांच्या पलीकडचे आहे. तपासणीचे गृहीतक रुग्णाला लागू पडत नाही, हे तिने ओळखले आणि ते मध्येच स्वतः दुरुस्त न करता मोठ्याने सांगितले. हाच फरक निर्णायक आहे. तिने मनातल्या मनात आकडा वाढवून ‘सव्वीस’ एवढेच सांगितले असते, तर तज्ज्ञाला मोजणी कशी झाली हे कळले नसते आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणी वेगळ्या पद्धतीने मोजल्यावर आकडे एकमेकांशी ताडता आले नसते.

मेल्यासारखे दिसणे

साडेचारच्या सुमारास श्वासनलिकेत नळी घालण्याचा निर्णय होतो. दहा कुप्या देऊन झाल्या आहेत, तरी लक्षणे वाढतच आहेत, आणि नवऱ्याचा प्रश्न रास्त आहे : “एवढ्या बाटल्या दिल्या, तरी विष उतरत का नाही?” याचे उत्तर तज्ज्ञ एका वाक्यात देतात, पण ते वाक्य कुटुंबापर्यंत पोचवणे सोपे नाही. मण्यारीच्या विषातील एक घटक मज्जातंतूच्या टोकांवर, म्हणजे मज्जातंतू स्नायूला आदेश देतो त्या जागेवर, आघात करतो आणि ते टोक आतून निकामी करतो. लस रक्तात मोकळे फिरणारे विष पकडते, परंतु निकामी झालेले टोक ती पूर्ववत करू शकत नाही. ते टोक शरीराला नव्याने बांधावे लागते आणि त्याला काही दिवस, कधी आठवड्याहून अधिक काळ लागतो. नागदंशात उपयोगी पडणारे निओस्टिग्मिनचे इंजेक्शन मण्यारदंशात सहसा निष्प्रभ ठरते, तेही याच कारणाने. म्हणून लस लवकर देणे महत्त्वाचे असते आणि उशिरा आलेल्या रुग्णाला मुख्यतः कृत्रिम श्वासाच्या आधारे तारून न्यायचे असते.

सिस्टरच्या तोंडून ते असे येते : “अंगात फिरत होतं ते विष औषधानं धरलं. पण जे आधीच नसांच्या टोकाला जाऊन बसलं, त्यानं तिथं मोडतोड केलीय. ती मोडतोड अंगच दुरुस्त करणार, चार-आठ दिवस लागतील. तोवर तिला श्वास घेता येणार नाही, तो आपण द्यायचा.” यात ‘विष उतरणे’ या कुटुंबाच्या कल्पनेला तिने धक्का दिलेला नाही आणि तज्ज्ञाचे म्हणणेही बदललेले नाही. ‘चार-आठ दिवस’ ही मुदत मात्र तज्ज्ञाने ‘काही दिवस’ एवढीच सांगितली होती. आकडा तिने आपल्या अनुभवावरून घातला. आठवड्यानंतरही श्वास परतला नाही तर कुटुंबाला आपली फसवणूक झाल्याचे वाटेल आणि ते रुग्णाला घरी नेण्याचा हट्ट धरतील, हा धोका या एका भर घातलेल्या शब्दात आहे. अमेरिकेत २००३ मध्ये ग्लेन फ्लोरेस व सहकाऱ्यांनी बालरुग्णांच्या तपासणीवेळच्या दुभाषेपणाच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा दर भेटीत सरासरी ३१ चुका आढळल्या. त्यांत सर्वाधिक चुका गाळण्याच्या होत्या, पण स्वतःची भर घालण्याच्या आणि बदलून सांगण्याच्या चुकाही होत्या. प्रशिक्षण न घेतलेल्या दुभाषांच्या चुका रुग्णाला अधिक बाधक ठरण्याची शक्यता जास्त दिसली. आपल्याकडील रात्रपाळीची सिस्टर याच वर्गात मोडते, कारण हे काम तिला कोणी शिकवलेले नसते.

नळी टाकल्यानंतर खरा कठीण क्षण येतो. त्या स्त्रीच्या पापण्या आता पूर्ण मिटलेल्या आहेत, हातपाय हलत नाहीत, चिमटा घेतला तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही. तज्ज्ञ पापणी उचलून बॅटरीचा प्रकाश टाकतात, तर बाहुल्या विस्फारलेल्या असतात आणि प्रकाशाने आकसत नाहीत. इतर कोणत्याही रुग्णात हे मेंदूमृत्यूचे लक्षण ठरू शकले असते. मण्यारदंशात मात्र बाहुलीचे स्नायूही विषाने लुळे पडलेले असतात आणि मेंदू जागा असू शकतो. नवीन डॉक्टरही इथे फसू शकतो. नातेवाइकांना तर प्रेतच दिसते. सासू विचारते, “गेली का ती, बाई?” दीर म्हणतो, मशीन चालू ठेवून बिल वाढवायचे असेल तर आम्ही तिला घरी नेतो. रुग्णाला वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेण्याला रुग्णालयात ‘डामा’ म्हणतात, आणि या क्षणी डामाच्या कागदावर अंगठा उमटला तर ती स्त्री वाटेतच मरेल.

अशा वेळी तज्ज्ञाचे ‘सिरियस आहे, पण बरी होऊ शकते, गॅरंटी देता येत नाही’ हे वाक्य जसेच्या तसे पोचवले तर त्यातला शेवटचा तुकडाच ऐकला जातो. सिस्टर तज्ज्ञाला दोन मिनिटे थांबायला सांगते आणि सासूला खाटेजवळ आणते. ती हृदयाच्या मॉनिटरवरची चालती रेषा दाखवते आणि सासूचा हात सुनेच्या मनगटावर नाडीवर ठेवते. मग म्हणते, “ठोका लागतोय ना? जीव तिचाच आहे, श्वास तेवढा आपला आहे. तिला तुमचं सगळं ऐकू येत असंल. तुम्ही ‘गेली’ म्हणालात तेही.” ही केवळ सांत्वना नाही. शुद्धीवर असलेल्या पण हलू न शकणाऱ्या माणसाला झोपेचे औषध देणे, कोणतीही गोष्ट करण्याआधी त्याला सांगणे आणि त्याच्या उशाशी मरणाची भाषा न करणे हे उपचाराचेच भाग आहेत, आणि नातेवाइकांना ते समजावणारे त्या रात्री दुसरे कोणी नसते.

संमतीपत्रावर सिस्टरने साक्षीदार म्हणून सही करावी की नाही, याबद्दल येथे स्पष्ट मत नोंदवणे आवश्यक वाटते. तिनेच समजावून सांगितले आणि तीच साक्षीदार झाली, तर तिच्या सांगण्यात काय सुटले हे तपासणारे कोणी उरत नाही. त्यापेक्षा वाडीची आशा कार्यकर्ती किंवा दुसरा कर्मचारी साक्षीला असावा. शिवाय अंगठा घेण्याआधी नवऱ्याला विचारावे, “आता तुम्ही मला सांगा, डॉक्टर काय करणार आहेत?” त्याने आपल्या शब्दांत सांगितलेले तज्ज्ञाने ऐकावे. यात दोन मिनिटे जातात, आणि ‘मशीन लावले की माणूस मेलेला असतो’ अशी समजूत आत दडून राहिली असेल तर ती याच दोन मिनिटांत बाहेर येते.

जागेवर असण्याचा फरक

याच रायगड जिल्ह्यात तज्ज्ञ बाहेरून येण्याच्या उलट घडलेले एक उदाहरण आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि विंचूदंशाचे रुग्ण त्यांनी खाटेशेजारी बसून, रात्र रात्र जागून पाहिले. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर येणारा ताण त्यांनी क्रमाने टिपला आणि रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या औषधाने तो उतरवता येतो, हे दाखवून दिले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचा पाया होता रुग्णाच्या गावात राहणे, त्याची भाषा जाणणे आणि लक्षणांचा क्रम स्वतःच्या डोळ्यांनी बघणे. फोनवरून बोलावलेल्या तज्ज्ञाला यातली एकही गोष्ट मिळत नाही. तो पहाटे चारला येतो आणि त्याआधीचे सहा तास त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळतात. ते सहा तास ज्या कागदावर असतात तो सिस्टरचा असतो, आणि म्हणून ‘नातेवाइकांनी असे सांगितले, त्यांच्या शब्दांत’ अशी एक ओळ रात्रीच्या नोंदीत असणे ही मागणी फार मोठी नाही. नातेवाइकांचे शब्द, सिस्टरचा अंदाज आणि तपासणीत आढळलेली गोष्ट या तीन बाबी त्या कागदावर वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

सकाळी बदलीवर येणाऱ्या परिचारिकेला आकडे सांगितले जातात : किती कुप्या गेल्या, नळी कितीवर बांधली, लघवी किती झाली. कुटुंबाला काय सांगितले गेले हे मात्र सांगितले जात नाही. त्यामुळे दिवसपाळीच्या सिस्टरने नकळत ‘काही सांगता येत नाही’ एवढेच उत्तर दिले, तर रात्रभर बांधलेला विश्वास तासाभरात विस्कटतो. म्हणून कथेतील सिस्टर आणखी तीन गोष्टी सांगते : कुटुंबाला दिवसांची मुदत आपण घातली आहे, ती तज्ज्ञाची नाही, भगताचा विषय दिराने काढलाय, त्यावरून कोणी बोलू नये, आणि सासूला दर पाळीत एकदा नाडी बघू द्यावी. रुग्णाला १०८ रुग्णवाहिकेतून अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात हलवताना याच तीन गोष्टी ती संदर्भपत्राच्या मागच्या बाजूला लिहून देते. वाटेत फुगा दाबून श्वास देणाऱ्या डॉक्टरलाही त्या वाचता येतात.

मण्यारदंशातून सुटका होताना बोटे किंवा डोळे किंचित हलू लागतात, मग मान उचलली जाते आणि श्वास यंत्राविना टिकतो तेव्हा नळी काढता येते. घरी सोडताना पुन्हा एकदा दुभाषेपण करावे लागते. दंश होऊ न देण्याचा उपाय साधा असला तरी तो वाडीत बसवायचा असतो. खाट शक्य नसेल तर मच्छरदाणी, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचलेल्या, कारण मोकळ्या लोंबणाऱ्या कडेखालून साप आत येतो. नेपाळच्या आग्नेय भागातील, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले. त्या स्त्रीच्या घरात एका ओळीत पाच माणसे निजतात. त्यांच्यासाठी एक मोठी मच्छरदाणी घ्यायची की दोन लहान, आणि भातकापणीनंतर वीटभट्टीवर जाताना ती सोबत न्यायची का, हे सिस्टर सासूशी बोलून ठरवते, आणि आशा कार्यकर्तीला फोन करून सांगते की पुढच्या फेरीत कडा खोचल्यात का ते बघ.